"असं झालंच नाही" म्हटलं की लगेच गॅसलाइटिंग?

अर्धविराम
हा शब्द हल्ली इतक्या ठिकाणी कानावर पडतो की तो नेमका कशासाठी आहे हेच कळेनासं झालंय. ऑफिसातली एक सहकारी म्हणाली, "बॉस मला गॅसलाइट करतोय." झालं होतं एवढंच की तिच्या समजुतीप्रमाणे रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता आणि बॉस म्हणाला, मी शुक्रवार सांगितला होता. एक मित्र बायकोला म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस", तर तिने हाच शब्द त्याच्या तोंडावर फेकला. आणि परवा धाकट्या बहिणीला कस्टमर केअरवाल्याने सांगितलं की तुमची तक्रार नोंदलेलीच नाही. तिचंही तेच, "हे गॅसलाइटिंग आहे."

तिन्हीकडे कुणीतरी कुणाला तरी "तुला वाटतंय तसं नाहीये" म्हणालंय, बाकी काही साम्य मला दिसत नाही. एवढ्यावर हा शब्द लागतो का? या विषयात काम करणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.

खडूस_काका
नाही लागत. विषय संपला.

आमच्या वेळी याला खोटं बोलणं म्हणायचे, हात झटकणं म्हणायचे, नाहीतर सरळ भांडण म्हणायचे. गॅसलाइटिंग म्हणजे समोरच्याला वेडं ठरवायचा ठरवून आखलेला डाव. डाव नसेल तर गॅसलाइटिंग नाही. हल्ली कुणाशी मत जुळलं नाही की तो आपला छळ करतोय, असं म्हणायची फॅशन आहे.

पारिजात८२
काकांशी निम्मी सहमत. मूळ गोष्ट पाहिली तर डाव होताच. १९३८ चं पॅट्रिक हॅमिल्टनचं नाटक आणि त्यावरचा १९४४ चा इन्ग्रिड बर्गमनचा सिनेमा. नवरा रोज संध्याकाळी घरातले गॅसचे दिवे मुद्दाम मंद करतो आणि बायकोने विचारलं की म्हणतो, दिवे तर आहेत तसेच आहेत, तुलाच भास होतायत. म्हणून तर हे नाव पडलं.

निशिगंध
पारिजात, सिनेमा पुन्हा एकदा बघा. दिवे तो मुद्दाम मंद करत नाही, आणि मला वाटतं अर्धविराम यांच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

नवरा कामाला जातो असं सांगून बाहेर पडतो आणि मागच्या बाजूने त्याच घराच्या माळ्यावर चढतो. तिथे जुने दागिने शोधायला तो गॅसचे दिवे लावतो. वर गॅस खर्ची पडला की खालच्या खोलीतल्या ज्योती बारीक होतात. म्हणजे दिवे मंदावणं हा त्याच्या चोरीचा नकळत झालेला परिणाम आहे. त्याने खरोखर ठरवून केलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. तिला दिलेला ब्रोच तिच्या पर्समधून नाहीसा होतो. भिंतीवरचं चित्र गायब होतं आणि ते काढल्याचा आळ तिच्यावर येतो. एका मैफलीत तो आपलं घड्याळ हरवलं म्हणतो आणि ते तिच्याच पर्समध्ये "सापडतं". तिकडे नोकरांना आणि ओळखीच्यांना सांगून ठेवतो की बाईंची तब्येत ठीक नसते.

आता या सगळ्यात तो भांडतोय कशावर? ब्रोच कुठे गेला यावर नाही. ब्रोच निमित्त आहे. "तुझ्या आठवणीवर, तुझ्या डोळ्यांवर विसंबता येत नाही" हे तिच्या गळी उतरवायचं आहे. एकदा ते उतरलं की दिवे मंद झालेले दिसले तरी ती स्वतःच स्वतःला खोटं पाडते, त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

मी समुपदेशनाचं काम करते, तेव्हा रोजच्या कामात मी पाहते ते हे: वाद घटनेबद्दल आहे, की समोरच्या माणसाच्या शाबूतपणाबद्दल? "मी शुक्रवार म्हणालो होतो" हा घटनेबद्दलचा वाद आहे. बॉस खोटारडा असेल, विसराळू असेल, किंवा बरोबरही असेल. "शुक्रवारच म्हणालो होतो, आणि तुझं हल्ली हे असंच चाललंय, टीममधल्या सगळ्यांच्या लक्षात आलंय" इथे गाडी रूळ बदलते. तेही एकदा घडलं तर फार तर घाणेरडा टोमणा. महिनोन् महिने, एकाच दिशेने, आणि ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत अशा माणसाकडून होत राहिलं, तर मी तो शब्द वापरेन.

कस्टमर केअरवाला तर फक्त खोटं बोलतोय, किंवा त्याच्या स्क्रीनवर खरंच काही नसेल. तुमच्या बहिणीला स्वतःच्या डोक्याची शंका आली का? नाही, तिला राग आला. राग येणं शाबूत असल्याचं लक्षण आहे.

खडूस_काका
म्हणजे मी म्हणालो तेच. डाव हवा.

निशिगंध
तिथे मात्र तुमचं अर्धंच बरोबर आहे काका. वैद्यकीय लिखाणात हा प्रकार आला तो १९६९ साली, 'लॅन्सेट'मध्ये. बार्टन आणि व्हाइटहेड नावाच्या दोन डॉक्टरांनी काही प्रकरणं मांडली, त्यात जवळच्या माणसांनीच एखाद्याला मनोरुग्णालयात टाकायचा बेत रचला होता. तिथे तुमच्या व्याख्येप्रमाणे शंभर टक्के डाव आहे. आणि गंमत म्हणजे तिथे फसवायचं होतं ते डॉक्टरांना. त्या माणसाला स्वतःला वेड लागल्यासारखं वाटलं नाही तरी चालणार होतं, दाखल करणाऱ्याला वाटलं की काम झालं.

पुढे १९८१ मध्ये कॅलेफ आणि वाइनशेल या मनोविश्लेषकांनी याच गोष्टीकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. त्यांचा प्रश्न असा की समोरचा हे स्वीकारतो कसा? त्यांच्या मांडणीत एक माणूस स्वतःला नकोसं असलेलं, म्हणजे अपराध, भीती, गोंधळ, दुसऱ्यावर ढकलतो आणि दुसरा ते आपलंच समजून आत घेतो. यात ढकलणाऱ्याला आपण काय करतोय याची जाणीव असेलच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये हाच प्रकार जास्त दिसतो. माळ्यावर दागिने शोधणारा नवरा क्वचित. स्वतःची चूक सहनच न होणारा आणि त्यामुळे दर वेळी समोरच्याचं डोकं ठिकाणावर नाही असं मनापासून मानणारा माणूस पुष्कळ वेळा.

शंतनू_र
मला दुसऱ्या बाजूने विचारायचंय. कारण मी आरोपी आहे.

बायको म्हणते मी तिला गॅसलाइट करतो. प्रसंग सांगतो. तिला दुसऱ्या शहरात नोकरीची संधी आली होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी "हो, जाऊ या" म्हणालो, तिने तिकडे कळवलं आणि नंतर मी शब्द फिरवला. मला स्पष्ट आठवतंय, मी "बघू" म्हणालो होतो. स्वयंपाकघरात उभे होतो, ती भांडी आवरत होती, मी दाराशी होतो. चित्रासारखं डोळ्यासमोर आहे. मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, पुन्हा सुरू केलंस. माझी आठवण खोटी पाडतोयस." त्यानंतर मला तोंडच उघडता येत नाही. माझी आठवण सांगणं हाच गुन्हा ठरतो. मग मी काय करायचं? तिला आठवतंय तेच खरं म्हणायचं?

टिंबटिंब
सगळ्यांना नमस्कार. माझा नवरा भांडण झालं की चार-चार दिवस बोलत नाही. जेवायला वाढलं तर जेवतो, पण मान वर करत नाही. मी विचारलं की "काही नाही" म्हणतो. हे गॅसलाइटिंगच ना? आणि यावर उपाय काय?

पारिजात८२
टिंबटिंब, हे अबोला धरणं झालं. ते त्रासदायक आहे, पण इथली चर्चा वेगळ्या गोष्टीची चालली आहे.

टिंबटिंब
पण "काही नाही" म्हणतो ना. म्हणजे झालेलं नाकारतोच की.

निशिगंध
टिंबटिंब, तो नाकारतो तेव्हा तुम्हाला काय वाटतं? तो खोटं बोलतोय असं, की मलाच चुकीचं दिसतंय असं?

टिंबटिंब
खोटं बोलतोय. धडधडीत. तोंड एवढं फुगलेलं असताना मला दिसत नाही का?

निशिगंध
मग तुमचा स्वतःवरचा विश्वास जागेवर आहे. अबोल्यानेही माणूस खचतो, ते कमी नाही. पण त्यावर बोलायचं ते अबोला म्हणूनच बोलायला हवं. दुसरं नाव दिलंत की नवरा त्या नावावर वाद घालत बसेल आणि चार दिवस न बोलण्याचा विषय बाजूला पडेल.

शंतनू, तुमचं उत्तर सवडीने लिहिते, कारण ते अवघड आहे.

मृण्मयी_ज
मी या प्रकारातून बाहेर पडलेय. म्हणून काय असतं ते सांगते, शब्द काय वापरायचा तो तुम्ही ठरवा.

आईचं छोटं ऑपरेशन होतं, गुरुवारी दुपारी चार वाजता. मी आठवडाभर आधी सांगितलं होतं, तो "सुट्टी टाकतो" म्हणाला होता. गुरुवारी दुपारी फोन केला तर म्हणाला, "कसलं ऑपरेशन? तू मला काही बोललीच नाहीस." मी रात्री घरी आल्यावर त्याला मेसेज दाखवला. मी लिहिलेलं होतं, खाली त्याचं "ओके" होतं. मला वाटलं आता तरी म्हणेल, अरे हो. त्याने मेसेज वाचला, फोन माझ्या हातात परत दिला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "तू हे असं पुरावे जपून ठेवतेस, नवऱ्याला दाखवायला. हे नॉर्मल माणूस करतं का? मला तुझी खरंच भीती वाटायला लागलीय."

ओरडला असता तर परवडलं असतं. पाच मिनिटांपूर्वी प्रश्न त्याच्या विसरण्याचा होता आणि पाच मिनिटांनी मी रडत त्याला समजावत होते की मी ठीक आहे.

पासपोर्टचंही तसंच झालं. मी ज्या खणात दोनदा बघितलं होतं त्याच खणात तो तिसऱ्यांदा वरच सापडला. त्याने ठेवला की मला दिसला नव्हता, हे आजही मला माहीत नाही. तेच सगळ्यात वाईट आहे. काही गोष्टी त्याने केल्या, काही मी खरंच विसरले असेन, आणि आता त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

शेवटी मी दादाला सांगायला गेले तर दादा म्हणाला, "हो, तो म्हणाला होता मला, तुझं हल्ली विसरणं वाढलंय म्हणून." सहा महिने आधीच सांगून ठेवलं होतं.

खडूस_काका
हा डाव आहे. याला मी नाव द्यायला तयार आहे.

निशिगंध
मृण्मयी, दादाचा भाग वाचून १९६९ चा तो लेख आठवला. तिथे डॉक्टरांची मनं आधी तयार केली जायची, इथे भावाचं केलं. हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. एकट्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास सहजासहजी मोडत नाही, कारण आपण शंका आली की दुसऱ्या कुणाला विचारतो. ती दुसरी माणसं आधीच वळवून ठेवली की विचारायला जागाच राहत नाही. सिनेमात बायको वाचते ती कशामुळे? पोलिस अधिकारी घरात येतो आणि दिवे मंद झालेले त्यालाही दिसतात. तिला तोवर माहिती तीच होती, साक्षीदार नव्हता.

केट अ‍ॅब्रामसन या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक आहेत, त्यांनी २०१४ मध्ये यावर लिहिलं. त्यांचा मुद्दा मला फार पटतो. खोटं बोलणाऱ्याला तुमचा विरोध टाळायचा असतो. गॅसलाइट करणाऱ्याला मात्र तुम्ही विरोध करू शकाल अशा अवस्थेतच उरायला नको असता. तुमच्या मेसेजचं उत्तर पाहा. "मेसेज खोटा आहे" असं तो म्हणालाच नाही. मेसेज दाखवणारी बाई बरी नाही, असं म्हणाला.

अर्धविराम
म्हणजे पुरावा समोर आल्यावर माणूस काय करतो यावरून ओळखता येईल? साधा विसरलेला माणूस "अरे हो, सॉरी" म्हणेल आणि तो म्हणणार नाही?

निशिगंध
तसं सोपं असतं तर बरं झालं असतं. आता शंतनूंच्या प्रश्नाकडे येते.

जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेच फुटलं. दुसऱ्याच दिवशी नाइसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं, काय करत होतास. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. पूर्णपणे जुळलं ते फक्त तिघांचं. जवळजवळ पाव लोकांचे सगळे मुख्य तपशील चुकले होते आणि तरी त्यातल्या बऱ्याच जणांना आपली खात्री होती. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्यांना त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी जुनी आठवण परत आली नाही. अक्षर आपलं आहे हे कळत होतं, पण डोळ्यासमोर चित्र मात्र नवंच होतं.

म्हणून शंतनू, स्वयंपाकघर, भांडी, दार हे सगळं लख्ख दिसतंय याचा अर्थ तुम्ही "बघू"च म्हणालात असा होत नाही. आणि तिला "हो" ऐकू आलेलं तितकंच लख्ख आठवत असेल तर त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. दोन प्रामाणिक माणसं एकाच वाक्याबद्दल आयुष्यभर वेगळं सांगू शकतात. त्यात गॅसलाइटिंग कुणीच करत नाही.

आणि अर्धविराम, याच कारणाने पुराव्याची परीक्षा पूर्ण पुरत नाही. प्रामाणिक माणूसही मेसेज बघून "मला हे अजिबात आठवत नाही" म्हणू शकतो. तो पुढे कुठे जातो ते पाहा. "आठवत नाही, पण लिहिलंय खरं, मग माझंच चुकलं असेल" असं म्हणतो, की तुमच्या डोक्याकडे वळतो.

शंतनू_र
हे वाचून थोडं हलकं वाटलं, थोडं अस्वस्थही. कारण खरं सांगायचं तर मी दोन-तीनदा म्हणालोय, "तुला कधीच नीट आठवत नाही."

निशिगंध
ते वाक्य सोडा. "माझी आठवण वेगळी आहे" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, कुणी तो गुन्हा ठरवू नये. "तुला कधीच नीट आठवत नाही" हे मात्र त्या एका संध्याकाळबद्दलचं वाक्य नाही, ते तिच्याबद्दलचं आहे. तुम्ही गॅसलाइटर आहात असं मी म्हणत नाही. एका बाजूच्या चार ओळी वाचून ते कुणालाच ठरवता येणार नाही. आणि हे काही आजाराचं नावही नाही, आम्ही कुणाच्या फाइलवर निदान म्हणून ते लिहीत नाही.

नोकरीचा प्रश्न मात्र "त्या दिवशी काय बोललो" यावर सुटणार नाही. टेप कुणाकडेच नाही. आज जायचं की नाही, यावर बोला.

खडूस_काका
म्हणजे शंतनूची बायको हा शब्द चुकीचा वापरतेय. मी पहिल्यापासून तेच सांगतोय. आणि असा वापरला की तो शब्दच हत्यार होतो. समोरच्याने काहीही म्हटलं की "गॅसलाइटिंग", संपलं. त्याची बाजू ऐकायचीच गरज नाही.

निशिगंध
हे मान्य. तो आरोप एकदा केला की खोडता येत नाही, कारण खोडायचा प्रत्येक प्रयत्न पुरावा म्हणून मोजला जातो. काही घरांत तर खरोखर छळणारा माणूसच हा शब्द आधी उचलतो. पण शंतनूंच्या पत्नीबद्दल मी असं म्हणणार नाही. "तुला कधीच नीट आठवत नाही" हे वारंवार ऐकलेल्या बाईला हाताशी सापडलेला शब्द तो असेल. शब्द मोठा पडला, तक्रार खोटी असेलच असं नाही.

पारिजात८२
मला वाटतं शब्द लोकांच्या तोंडी बदलतातच. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०२२ मध्ये याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं, आणि त्यांच्या व्याख्येत स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याची घोर दिशाभूल करणं एवढाही अर्थ आहे. मग बोलताना कुणी सैल वापरला तर बिघडलं काय? "डिप्रेशन आलंय" आपण रविवार संपला तरी म्हणतो.

मृण्मयी_ज
मला बिघडतं. मी पहिल्यांदा एका मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "अगं माझा पण करतो, टॉवेल कुठे ठेवला विचारलं की तूच ठेवलास म्हणतो." मी पुढे काही बोललेच नाही. अजून एक वर्ष गेलं त्यात.

पारिजात८२
हं. हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

मृण्मयी_ज
निशिगंधताई, एक विचारू? आता मी एकटी राहते, खण कुणी उघडत नाही. तरी घराबाहेर पडताना कुलपाचा फोटो काढते. गॅस बंद केल्याचा फोटो काढते. आधी पुरावा म्हणून काढायचे, आता कुणाला दाखवायचे नाहीत तरी सुटत नाही. फोटो असूनही लिफ्टमधून परत जाते. तो म्हणायचा तसंच मला काही झालंय का?

निशिगंध
समोर बसून बोलल्याशिवाय "झालंय" की "नाही" हे मी सांगणार नाही. पण तुम्ही लिहिताय त्या गोष्टीला एक साधं स्पष्टीकरण आहे आणि ते वेडाचं नाही.

नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुठलाही त्रास नसलेल्या लोकांना त्यांनी कॉम्प्युटरवरच्या शेगडीचे बर्नर लावायला, बंद करायला आणि पुन्हा पुन्हा तपासायला लावले. शेवटी विचारलं, सगळ्यात शेवटच्या वेळी कोणते बर्नर तपासले? उत्तरं बरोबरच येत होती. म्हणजे आठवण ठीक होती. पण आठवणीतलं चित्र फिकट झालं होतं आणि आपल्याला आठवतंय यावरचा भरवसा खाली आला होता. तीच क्रिया सारखी केल्याने ती ओळखीची होते, तिचे बारकावे मनात उमटत नाहीत, आणि मग "मी खरंच बघितलं का?" अशी शंका येते. म्हणून पुन्हा बघायचं, म्हणजे आणखी फिकट.

तुम्ही त्या घरात असताना फोटो काढणं शहाणपणाचं होतं. तेव्हा बाहेर कुणीतरी गोष्टी हलवत होतं, किंवा निदान हलवतंय की नाही हे कळत नव्हतं. आता तीच सवय तुमचा स्वतःवरचा भरवसा कुरतडतेय. अशा त्रासावर ठरलेले उपचार आहेत. त्यात तपासणं एकेक करून कमी करतात. एकदा कुलूप लावायचं, हात लावून बघायचं, निघायचं, आणि शंका आली तरी परत फिरायचं नाही, ती आपोआप ओसरते का ते बघायचं. एकटीने जमत नसेल तर एखाद्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबरोबर करा.

मृण्मयी_ज
फोटोंमुळेच वाढतं हे डोक्यातच आलं नव्हतं. गॅसचा राहू दे, आधी कुलपाचा बंद करून बघते.

अर्धविराम
विषय थोडा वळवतो. डॉक्टरने दुखणं उडवून लावलं की लोक "मेडिकल गॅसलाइटिंग" म्हणतात. निशिगंध, तुमच्या कसोटीवर हे बसतं का? तिथे सहसा डाव नसतो आणि एकाच भेटीत दहा मिनिटांत सगळं उरकतं.

निशिगंध
मी तो शब्द वापरत नाही. डॉक्टर घाईत असतो, चुकतो, कधी उद्धट असतो. त्याला दुर्लक्ष किंवा चुकीचं निदान म्हणावं. त्या माणसाला तुमच्या शाबूतपणाशी काही घेणं नसतं, पुढचा पेशंट आला की तो तुम्हाला विसरतो.

टिंबटिंब
मला हे पटत नाही. माझ्या पोटातल्या दुखण्याला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी "टेन्शन आहे" सांगितलं. पहिल्याला मी मनात शिव्या दिल्या. तिसऱ्याच्या वेळी मी स्वतःच म्हणाले, "टेन्शनच असेल, नाही का?" पुढे सोनोग्राफीत गाठ निघाली. डाव कुणाचाच नव्हता. पण मला दुखतंय की नाही याची शंका मलाच यायला लागली होती. तुम्ही वर विचारलंत ना, खोटं बोलतात असं वाटतं की मलाच चुकीचं कळतंय असं वाटतं? इथे दुसरं वाटलं.

निशिगंध
हे उत्तर माझ्यावर उलटलं खरं.

२०१९ मध्ये पेज स्वीट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर मोठा लेख लिहिला होता, घरात हिंसा सोसलेल्या बायकांशी बोलून. त्यांचं म्हणणं असं की गॅसलाइटिंग चालतं ते समाजात आधीपासून असलेल्या विषमतेच्या जोरावर. "बायका अशाच, उगाच बाऊ करतात" ही समजूत तयारच असते, नवरा फक्त ती वापरतो. डॉक्टरही तीच वापरत असेल तर तुमचा मुद्दा बसतो. तरी त्या तिसऱ्या डॉक्टरला आणि मृण्मयीच्या नवऱ्याला मी एकाच शब्दाखाली घालायला कचरते. नवरा तिला ओळखून होता, डॉक्टर टिंबटिंबना ओळखतही नव्हता.

टिंबटिंब
ओळखत नव्हता म्हणून तर ऐकायला हवं होतं.

खडूस_काका
एक मिनिट. निशिगंधबाई, तुम्हीच मला म्हणालात की डाव लागत नाही. आता डॉक्टरचा डाव नाही म्हणून त्याला सोडताय. एकीकडे या.

निशिगंध
डाव नाही म्हणून नाही सोडत. नातं नाही आणि सातत्य नाही म्हणून सोडतेय. पण टिंबटिंबच्या बाबतीत तीन जणांनी मिळून सातत्य तयार केलं, हे खरंय, आणि त्यावर माझ्याकडे आत्ता नीट उत्तर नाही.

शंतनू_र
अपडेट देतो. काल बायकोला म्हणालो, "तू 'हो' ऐकलंस, मी 'बघू' म्हणाल्याचं मला आठवतंय, आणि आता खरं काय ते कळायचा मार्ग नाही." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझा 'बघू' म्हणजे नेहमी 'नाही' असतो, हे तरी मान्य कर." ते मी मान्य केलं. नोकरीचं अजून ठरलेलं नाही. तिकडच्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय.